आठव्या परिच्छेदात दडलेली पाणीबंदी: एका बातमीची उलट मांडणी

नागपूरच्या एका मराठी दैनिकाच्या शहर डेस्कवर मे महिन्यातल्या एका रात्री आलेल्या बातमीचे हे प्रकरण आहे. दैनिक, माणसे, वस्त्या आणि जलकुंभ यांची नावे गाळली आहेत. बातमीतली वाक्ये ओळख पटणार नाही एवढीच बदलली आहेत, त्यांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.

## पार्श्वभूमी

मंगळवारी सकाळी सिव्हिल लाइन्समधल्या महापालिका मुख्यालयात पाणीपुरवठ्यावर बैठक झाली. वार्ताहर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होता. दिवसभरात त्याच्या अंगावर आणखी दोन कार्यक्रम होते, त्यामुळे त्याने लिहिलेल्या बातमीची ही कॉपी डेस्कला रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी मिळाली. भंडारा-गोंदियाकडे जाणारी डाक आवृत्ती तोवर सुटली होती. शहर आवृत्तीचे पान साडेअकराला सोडायचे होते.

कॉपी ११ परिच्छेदांची, साधारण ४०० शब्दांची होती. पहिले वाक्य असे:

> शहरातील पाणीपुरवठा यंत्रणेच्या बळकटीकरणासंदर्भात मंगळवारी सकाळी ११ वाजता महापालिका मुख्यालयात महत्त्वपूर्ण बैठक संपन्न झाली.

दुसऱ्या परिच्छेदात उपस्थित मान्यवर, तिसऱ्यात प्रास्ताविक. नागपूरला पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून पाणी कसे येते हे प्रास्ताविकात पुन्हा सांगितले होते. चौथ्यात एका भागातून आलेल्या कमी दाबाच्या तक्रारी, पाचव्यात मुख्य जलवाहिनीवर सापडलेल्या दोन गळत्या आणि निकामी झालेला व्हॉल्व्ह. सहाव्या-सातव्यात काम टप्प्याटप्प्याने करावे की एकदम, यावरची चर्चा. आठव्या परिच्छेदात, बैठकीत जिथे निर्णय झाला नेमक्या त्याच जागी, ‘शुक्रवारी सकाळी १० ते शनिवारी दुपारी ४ पर्यंत सहा जलकुंभांवरील पाणीपुरवठा बंद ठेवण्याचे सर्वानुमते ठरले’ हे वाक्य. नवव्यात जलकुंभांची यादी, दहाव्यात अभियंत्याचे आवाहन, अकराव्यात आभारप्रदर्शन.

## अडचण

मे महिन्यात ज्या घरी पाणी येणार नाही त्या घराला ही बातमी हवी होती, आणि त्या घरापर्यंत पोहोचायला सात परिच्छेद ओलांडावे लागत होते. वार्ताहराचे चुकले असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. वहीत टिपणे वेळेच्या क्रमाने उतरतात आणि घाईत कॉपी त्याच क्रमाने उतरते. शिवाय मान्यवरांची नावे खाली गेली की दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी फोन येतो, हे बीटवर फिरणाऱ्याला चांगले ठाऊक असते.

बातमी लिहिण्याच्या ‘उलटा पिरॅमिड’ या पद्धतीत सर्वात महत्त्वाचे आधी, त्याचा आधार आणि कारण त्यानंतर, पार्श्वभूमी शेवटी येते. शेवटचे परिच्छेद एकेक करून काढले तरी वरची बातमी पुरी राहिली पाहिजे. छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात पानात जागा कमी पडली की फोरमन खालून ओळी उचलायचा. आज पान लावणारा ऑपरेटर पडद्यावर तेच करतो. बातमी वाचून, विचार करून कापायला त्याच्याकडे वेळ नसतो. मूळ कॉपी खालून तीन परिच्छेद कापली असती तर जलकुंभांची यादी गेली असती आणि प्रास्ताविक छापून आले असते.

## समोरचे पर्याय

उपसंपादकापुढे तीन वाटा होत्या. पहिली, आठवा परिच्छेद उचलून सर्वात वर ठेवायचा आणि बाकी कॉपी तशीच सोडायची. याला पाच मिनिटे लागतात आणि रात्रीच्या डेस्कवर बहुतेक वेळा हेच होते. पण ‘सर्वानुमते ठरले’ हे वाक्य एकदम वर आले की कोणाच्या सर्वानुमते, कुठे, कशासाठी, हे प्रश्न लोंबकळत राहतात. खालचा ‘यावेळी’ कोणत्या वेळेबद्दल आहे तेही कळेनासे होते. या कॉपीत ‘यावेळी’ सात ठिकाणी होता.

दुसरी वाट म्हणजे बातमी तशीच ठेवून वर ठळक चौकट द्यायची: कधी बंद, कुठे बंद. छापील पानावर हे चालून जाते. पण चौकट आणि मजकूर वेगळे पडतात. संकेतस्थळावर चौकट बहुधा मजकुराच्या तळाशी जाते आणि मोबाइलवर वाचणाऱ्याला पुन्हा ‘महत्त्वपूर्ण बैठक संपन्न झाली’ एवढेच दिसते.

तिसरी वाट पूर्ण पुनर्लेखनाची. त्यासाठी पाऊण तास लागणार होता. मुख्य उपसंपादकाने तिसरी निवडली, एका अटीवर: सव्वाअकरापर्यंत कॉपी पानावर गेली पाहिजे.

## काय केले

### आधी फोन, मग लेखन

इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, लिहायच्या आधी उपसंपादकाने आठव्या परिच्छेदातली वेळ मोजली. शुक्रवारी सकाळी १० ते शनिवारी सकाळी १० हे २४ तास, पुढे दुपारी ४ पर्यंत आणखी ६. एकूण ३०. सहाव्या परिच्छेदात मात्र ‘हे २४ तासांचे काम आहे’ असे अभियंत्याच्या तोंडी होते. मूळ क्रमात दोन आकड्यांमध्ये एक सबंध परिच्छेद असल्याने विसंगती कोणालाच टोचली नव्हती. एका वाक्यात आणायला घेतल्यावर ती समोर उभी राहिली.

वार्ताहराला फोन गेला. त्याने अभियंत्याला विचारून दहा मिनिटांत खुलासा दिला: वाहिनी रिकामी करणे, व्हॉल्व्ह बदलणे आणि गळत्या जोडणे याला २४ तास. त्यानंतर वाहिनी हळूहळू भरत आतली हवा बाहेर काढायला ६ तास. घाईने भरली तर पाण्याच्या आघाताने नवा सांधाच निखळू शकतो. दोन्ही आकडे बरोबर होते, मोजमाप वेगळ्या गोष्टींचे होते. बंदी ३० तासांची.

याच फोनवर दुसरा प्रश्न विचारला गेला आणि बातमीचा चेहरा त्यानेच बदलला. या वस्त्यांना पाणी केव्हा येते? उत्तर आले, सकाळी ठरावीक वेळ, आठच्या आत. म्हणजे शुक्रवारी सकाळचे पाणी बंदीच्या आधी येऊन जाणार, शनिवारी सकाळचे बुडणार, आणि शनिवारी चारनंतर जलकुंभ भरेपर्यंत संध्याकाळी जे येईल ते कमी दाबाने. नेहमीचे पाणी थेट रविवारी सकाळी. ‘३० तास’ हा विभागाचा हिशेब झाला. घरातला हिशेब असा की शुक्रवारी सकाळी जे भरून ठेवाल ते रविवारी सकाळपर्यंत पुरवायचे आहे. ड्रम किती भरायचे ते यावर ठरते.

### इंट्रोचे दोन खर्डे

पहिला खर्डा शिकवल्याबरहुकूम होता. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सगळे ककार एका वाक्यात:

> शहराला पाणीपुरवठा करणाऱ्या मुख्य जलवाहिनीवरील जुना व्हॉल्व्ह बदलण्यासाठी व दोन ठिकाणची गळती दुरुस्त करण्यासाठी शुक्रवारी सकाळी १० ते शनिवारी दुपारी ४ या कालावधीत पूर्व नागपुरातील ६ जलकुंभांवरून होणारा पाणीपुरवठा बंद ठेवण्याचा निर्णय महापालिका मुख्यालयात मंगळवारी झालेल्या बैठकीत घेण्यात आला.

३९ शब्दांचे वाक्य. यात ‘बंद’ हा शब्द तिसावा आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे सगळे ककार एकाच वाक्यात कोंबले की कारण, वेळ, ठिकाण अशी विशेषणांची आगगाडी आधी धावते आणि बातमी गार्डाच्या डब्यात बसते. परिच्छेद वर आला, पण वाक्याच्या आत जुनाच क्रम राहिला. शिवाय ‘निर्णय घेण्यात आला’ या शेवटामुळे वाक्याचा कर्ता पुन्हा बैठकच झाली.

दुसरा खर्डा वाक्ये तोडून लिहिला आणि तोच छापला:

> पूर्व नागपुरातील ६ जलकुंभांवरील वस्त्यांना शुक्रवारी सकाळी १० पासून शनिवारी दुपारी ४ पर्यंत, सलग ३० तास, पाणी मिळणार नाही. शनिवारी सकाळचे पाणी येणार नाही. संध्याकाळी आले तरी दाब कमी असेल. मुख्य जलवाहिनीवरचा व्हॉल्व्ह बदलण्याचे आणि दोन गळत्या बुजवण्याचे काम या काळात होईल, असे महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाने मंगळवारी सांगितले.

पहिले वाक्य १९ शब्दांचे. सुरुवातीला ‘कुठे’ ठेवले, कारण आपली वस्ती यात आहे की नाही हेच वाचक आधी शोधतो. वस्ती नसेल तर तो पुढच्या बातमीकडे जातो, आणि त्यात काही वाईट नाही. ‘का’ चौथ्या वाक्यात गेले. ‘कोणी ठरवले’ हे त्याच्याही शेवटी गेले. ते गाळले मात्र नाही, कारण आधार नसलेली पाणीबंदी ही अफवाच ठरते.

शीर्षक ‘पाणीपुरवठा बळकटीकरणावर महत्त्वपूर्ण बैठक’ होते, ते ‘पूर्व नागपुरात शुक्रवार-शनिवार ३० तास पाणीबंद’ झाले.

### खालचा क्रम

इंट्रोनंतर परिच्छेद असे लागले: शुक्रवारी सकाळी नेहमीप्रमाणे पाणी आणि रविवारी सकाळी पूर्ववत, ३० तास का लागतात, टप्प्याटप्प्याने काम का नाकारले, कमी दाबाच्या तक्रारी, अभियंत्याचे आवाहन, शेवटी बैठक आणि उपस्थिती. जलकुंभ आणि त्यांवरच्या वस्त्यांची यादी चौकटीत गेली, वार आणि तारीख दोन्ही देऊन. दोन्ही लिहिले की एकाची चूक दुसऱ्यावरून पकडता येते. प्रास्ताविक आणि आभारप्रदर्शन काढून टाकले.

‘३० तास का’ या परिच्छेदात घटनाक्रम मुद्दाम जसाच्या तसा ठेवला: आधी व्हॉल्व्ह बंद, मग वाहिनी रिकामी, मग तोडणी-जोडणी, मग सावकाश भरणी. काम कसे होते हे सांगताना वेळेचाच क्रम सोपा पडतो. उलटा पिरॅमिड सबंध बातमीचा आकार ठरवतो. आतल्या प्रत्येक परिच्छेदाला डोक्यावर उभे करायची गरज नसते.

### हलवाहलवीत काय मोडले

कॉपी पानावर जाण्याआधी मुख्य उपसंपादकाने वाचली आणि दोन जागा अडवल्या.

पहिली नावाची. अभियंत्याचे पूर्ण नाव आणि पद मूळ दुसऱ्या परिच्छेदात होते, पुढे सगळीकडे नुसते आडनाव. उपस्थितीचा परिच्छेद तळाशी गेल्यावर मधल्या परिच्छेदात ते आडनाव अचानक उगवले. कोण हे गृहस्थ, याचा पत्ता तीन परिच्छेदांनंतर. पूर्ण नाव आणि पद पहिल्या उल्लेखापाशी आणले. ‘सदर काम’, ‘उपरोक्त निर्णय’, ‘त्यानंतर’ हे शब्दही त्याच फेरीत निघाले. क्रम बदलला की वर-खाली बोट दाखवणारा प्रत्येक शब्द तपासावा लागतो.

दुसरी जागा जास्त गंभीर होती. खर्ड्यात एक वाक्य असे तयार झाले होते: ‘कमी दाबाच्या तक्रारी वाढल्याने व्हॉल्व्ह बदलण्याचा निर्णय घेण्यात आला.’ बैठकीत हे कोणीच म्हटले नव्हते. मूळ कॉपीत तक्रारी चौथ्या परिच्छेदात होत्या आणि व्हॉल्व्ह पाचव्यात. एकामागून एक आल्या, एवढाच त्यांचा संबंध. मजकूर आवळताना उपसंपादकाच्या हातून ‘नंतर’चे ‘मुळे’ झाले. विभागाच्या म्हणण्यानुसार व्हॉल्व्ह तपासणीत निकामी आढळला होता. दाब त्याने सुधारेल की नाही यावर विभागाने काही सांगितले नव्हते. वाक्य तोडून दोन केले आणि दोघांना आपापला आधार दिला: तक्रारी नागरिकांच्या, तपासणी विभागाची.

## परिणाम

कॉपी ११ वाजून १० मिनिटांनी पानावर गेली. पाच मिनिटांनी महामार्गावरच्या अपघाताची बातमी आली आणि त्याच पानावर तिला जागा हवी होती. ऑपरेटरने पाणीबंदीची बातमी खालून कापली. तक्रारी, आवाहन आणि उपस्थिती हे तिन्ही परिच्छेद गेले. पान साडेअकराला सुटले.

राहिलेली बातमी वाचायला पुरी होती. कधी, कुठे, किती वेळ, का आणि पुन्हा केव्हा, सगळे जागेवर होते. मांडणीचा मूळ हेतू इथपर्यंत साधला.

पण बुधवारी सकाळपासून कार्यालयात फोन सुरू झाले आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: टँकर मिळणार का? उत्तर कापल्या गेलेल्या आवाहनात होते. ‘नागरिकांनी पुरेसा साठा करून ठेवावा, वाहिनी बंद असल्याने या काळात टँकरनेही पाणी देता येणार नाही.’ संकेतस्थळावर मजकूर पूर्ण असल्याने तिथे ते वाक्य होते, छापील अंकात नव्हते. गुरुवारच्या अंकात पुन्हा छोटी बातमी द्यावी लागली, या वेळी टँकर शीर्षकातच होता. कामाच्या आधी एक दिवस हाताशी होता म्हणून हे जमले.

उपस्थितांची नावे छापून आली नाहीत म्हणून अपेक्षेप्रमाणे एक फोनही आला. त्याला मुख्य उपसंपादकानेच उत्तर दिले, वार्ताहराला पुढे केले नाही.

## वेगळे काय करता आले असते

टँकरचे वाक्य खाली का राहिले, हे पाहण्यासारखे आहे. उपसंपादकाने परिच्छेदांची वर्गवारी केली तेव्हा दहाव्या परिच्छेदावर ‘आवाहन’ असा शेरा मारला आणि आवाहने तळाशी जातात या सवयीने तो तळाशी टाकला. त्या परिच्छेदात दोन गोष्टी होत्या. साठा करा, हा सल्ला. तो कोणीही देईल. टँकर नाही, ही माहिती. ती फक्त विभागच देऊ शकतो आणि तिच्यावरून एखाद्या अपार्टमेंटचा शनिवार ठरतो. घटनाक्रमाने लिहिलेल्या कॉपीत परिच्छेद बोलणाऱ्यानुसार पडलेले असतात: हे अध्यक्ष म्हणाले, हे अभियंता म्हणाले, हे नागरिक म्हणाले. त्यांना जसेच्या तसे वर-खाली केले तर बोलणाऱ्यांची रांग बदलते, माहितीची बदलत नाही. म्हणून तुकडे वाक्यांचे करायला हवे होते. ४०० शब्दांच्या कॉपीत तिशीभर वाक्ये असतात. प्रत्येकापुढे १, २ किंवा ३ आकडा टाकायला सहा-सात मिनिटे पुरतात. १ म्हणजे हे नसेल तर वाचकाची पंचाईत, २ म्हणजे त्याचे कारण वा आधार, ३ म्हणजे गेले तरी चालेल. टँकरच्या वाक्याला १ मिळाला असता आणि ते इंट्रोला लागून दुसऱ्या परिच्छेदात बसले असते.

कापून पाहण्याची चाचणीही डेस्कवरच व्हायला हवी होती. पडद्यावर शेवटचा परिच्छेद झाकायचा आणि विचारायचे, आता कोण फोन करील? मग त्याच्या वरचा, मग आणखी एक. या बातमीत दुसऱ्याच फेरीत टँकर सापडला असता. त्या रात्री ही चाचणी ऑपरेटरने घेतली, सव्वाअकराला, आणि निकाल वाचकांनी कळवला.

इंट्रोत टँकरही घालावा का, यावर डेस्कवर नंतर मतभेद राहिला. मुख्य उपसंपादकाच्या मते चार वाक्यांच्या इंट्रोत आधीच वेळ, ठिकाण, दाब, कारण आणि आधार एवढे आहे; पाचवे वाक्य आले की पहिले बोथट होते. उपसंपादकाचे म्हणणे, मग कारण खाली ढकला. व्हॉल्व्ह बदलताहेत की सांधा, याने घरातल्या बादलीला काय फरक पडतो. या बातमीपुरते उपसंपादकाचे बरोबर वाटते. कारण दुसऱ्या परिच्छेदात गेले असते तर बिघडले नसते. आधार मात्र इंट्रोतच हवा होता.

वार्ताहराच्या बाजूनेही एक सोय पुढच्याच आठवड्यात सुरू झाली. कॉपी हवी तर वेळेच्या क्रमाने पाठवा, पण तिच्या माथ्यावर दोन ओळी लिहा: उद्या कोणाच्या घरी काय बदलणार, आणि ते कोण सांगतो. त्या ओळी छापायच्या नसतात, डेस्कसाठी असतात. त्यानंतरच्या एका बैठकीच्या कॉपीवर त्याने लिहिले होते, ‘कोणाच्याही घरी काही बदलणार नाही.’ ती बातमी चार ओळींत संपवली.